आधी मामा, मग बँक? कंपनी बंद करताना रांग कोण लावतं

वाचकाचं पत्र:

‘भोसरीत आमचं प्रेस शॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मी आणि धाकटा भाऊ दोघेच संचालक, शेअर निम्मे-निम्मे. मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं आणि सगळं आटलं. ताळेबंदात मालमत्ता ३ कोटी ४० लाखांची आहे, देणी २ कोटी ६८ लाख. बँकेचे दोन हप्ते थकलेत. पत्र्याचे व्यापारी वकिलाची पत्रं पाठवून वाइंडिंग अपची धमकी देतात. कुणी कोर्टात खेचून अब्रू घालवण्याआधी आपणच स्वेच्छेनं लिक्विडेशनमध्ये जावं, असं मला वाटतं. म्हणजे मामांचे ४० लाख आधी देता येतील, मग व्यापारी, बँक काय शेड विकून घेईलच. भाऊ म्हणतो, थांबू या. देण्यांची यादी सोबत जोडली आहे. माझं बरोबर आहे ना?’

नमस्कार,

तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमचा सगळा बेत एका समजावर उभा आहे आणि तो समज चुकीचा आहे. स्वेच्छेनं लिक्विडेशनमध्ये गेलं की कुणाला आधी द्यायचं हे आपण ठरवू, असं तुम्ही धरून चाललात. तसं होत नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ च्या कलम ५९ मध्ये स्वेच्छेच्या लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून, देणी फेडून कंपनी बंद करण्याचा रस्ता आहे. तो फक्त अशा कंपनीसाठी आहे जिनं कुणाची देणी थकवलेली नाहीत आणि जी मालमत्ता विकून सगळ्यांचे सगळे पैसे चुकते करू शकते. सगळ्यांना पूर्ण मिळणार असेल तर आधी कोण आणि नंतर कोण याला फारसा अर्थच उरत नाही. रांगेचा प्रश्न येतो तो पैसे कमी पडतात तेव्हा, आणि पैसे कमी पडणार असतील तर हा रस्ता तुमच्यासाठी बंद असतो.

सुरुवात होते ती संचालकांच्या प्रतिज्ञापत्रानं. कंपनीच्या कारभाराची आम्ही पूर्ण चौकशी केली आहे, कंपनीवर कर्ज नाही किंवा असलेलं कर्ज मालमत्ता विकून पूर्ण फिटेल, आणि हे कुणाला फसवण्यासाठी चाललेलं नाही, असं संचालकांच्या बहुमतानं लिहून द्यावं लागतं. तुम्ही दोघेच संचालक, म्हणजे बहुमत म्हणजे दोघंही. सोबत दोन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आणि नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल लागतो. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत भागधारकांचा विशेष ठराव करून लिक्विडेटर नेमायचा. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं हवीत. भावाकडे निम्मे शेअर आहेत, तेव्हा तो ‘थांबू या’ म्हणतो आहे तोवर तुमची फाइल पहिल्या पानापुढे सरकत नाही. ठराव झाला तरी सात दिवसांत, एकूण कर्जाच्या दोन तृतीयांश रकमेचे जे मालक आहेत त्यांची मंजुरी घ्यावी लागते. तुमच्या यादीत बँकेचेच १ कोटी ४० लाख आहेत. ते वगळून बाकी सगळे एक झाले तरी दोन तृतीयांश भरत नाहीत. म्हणजे बँकेच्या होकाराशिवाय काही नाही.

आणि समजा या सगळ्यातून तुम्ही पार झालात. लिक्विडेटर नेमणुकीनंतर पाच दिवसांत वर्तमानपत्रांत जाहिरात देईल आणि सगळ्यांचे दावे मागवेल. दावे आणि मालमत्ता यांचा मेळ बसत नाही, पैसे पुरणार नाहीत असं त्याला दिसलं, तर ही प्रक्रिया थांबवा म्हणून त्याला स्वतःलाच एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, जावं लागतं. त्या दिवशी तुमच्या दोघांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र टेबलावर असेल.

आता तुम्ही म्हणाल, पण माझे पैसे पुरतात. ३ कोटी ४० लाखांतून २ कोटी ६८ लाख वजा केले तरी ७२ लाख उरतात. इथे जरा थांबू या, कारण छोट्या कारखान्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच घसरते.

ताळेबंदातले आकडे चालू कारखान्याचे असतात. बंद कारखान्याची किंमत वेगळी असते. प्लॉट आणि शेड तुम्ही दीड कोटी धरलंय. पण एमआयडीसीचा प्लॉट तुमच्या मालकीचा नाही, तो भाडेपट्ट्यावर आहे. तो दुसऱ्याच्या नावावर करायला एमआयडीसीची परवानगी लागते आणि हस्तांतरणाचं शुल्कही भरावं लागतं. घेणारा ते मोजूनच भाव सांगतो. मी १ कोटी ३० लाख धरते. मशिनरी पुस्तकात ९० लाखांची आहे. वापरलेल्या पॉवर प्रेस एकदम विकायला काढल्या तर ३५ लाख आले तरी बरे. स्टॉक ४० लाखांचा लिहिलाय, पण त्यात त्या एकाच गिऱ्हाइकाच्या मापाचे अर्धवट पार्ट आहेत. त्याच्याशिवाय ते कुणाच्या कामाचे नाहीत, ते भंगाराच्या भावानं जातील. दहा लाख धरा. येणं ६० लाख दाखवलंय. तुम्हीच यादीखाली बारीक अक्षरात लिहिलंय की रिजेक्शन आणि लाइन थांबल्याबद्दल गिऱ्हाइकानं ३५ लाखांच्या डेबिट नोट लावल्या आहेत. ते पैसे भांडून मिळतील तेव्हा मिळतील. आज हाताशी २५. आणखी एक गोष्ट तपासा: रॅकवरच्या डायपैकी किती गिऱ्हाइकाच्या मालकीच्या आहेत? त्या तुमच्या मालमत्तेत धरताच येत नाहीत, त्या ज्याच्या त्याला परत जातात.

बेरीज केली तर २ कोटी होतात. देणी २ कोटी ६८ लाख. सरळ ६८ लाख कमी, आणि प्रक्रियेचा खर्च अजून धरलेलाच नाही. माझे आकडे अंदाजाचे आहेत, व्हॅल्युअर थोडं वरखाली करेल. पण ७२ लाख उरतात असं प्रतिज्ञापत्रावर लिहून देण्याची परिस्थिती नाही, एवढं नक्की. शिवाय हप्ते थकलेत, ती अट आधीच मोडली आहे.

आता कोर्टात खेचलं जाण्याची भीती. १९५६ च्या कंपनी कायद्यात व्यापारी तीन आठवड्यांची नोटीस देऊन हायकोर्टात वाइंडिंग अपचा अर्ज करू शकत असे. वकिलांच्या पत्रांत ती भाषा अजून टिकून आहे. नव्या संहितेनंतर ‘पैसे देता येत नाहीत’ हे कारण कंपनी कायद्यातून निघालं. आता व्यापाऱ्याला दहा दिवसांची मागणी नोटीस देऊन एनसीएलटीत जावं लागतं, आणि मार्च २०२० पासून थकबाकी किमान १ कोटी असल्याशिवाय तो अर्ज घेतला जात नाही. तुमच्या सगळ्या व्यापाऱ्यांचे मिळून ४५ लाख आहेत. ते दिवाणी दावा लावतील, चेक परत गेला असेल तर त्याची केस करतील. ते त्रासाचं आहेच. पण त्या पत्रांनी कंपनी लिक्विडेशनमध्ये जात नाही. जाऊ शकते ती बँकेमुळे. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. बँकेनं पूर्ण कर्ज परत मागितलं की १ कोटीची मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हाही लगेच लिक्विडेशन होत नाही. आधी कंपनी वाचवता येते का हे पाहण्याची प्रक्रिया चालते, १८० दिवस, गरज पडली तर आणखी ९०. कुणाचा योजनेचा प्रस्ताव मंजूर झाला नाही की मग लिक्विडेशन. तिथे मात्र पैसे कमी असतात, आणि कलम ५३ ची रांग लागते.

ती रांग तुमच्याच आकड्यांवर पाहू. हाती २ कोटी. कामगारांच्या पीएफचे थकलेले ३ लाख आधी बाजूला काढा. पीएफचे पैसे कंपनीचे मानले जात नाहीत, ते वाटपाच्या रकमेत येतच नाहीत. उरले १ कोटी ९७ लाख. सगळ्यांत आधी प्रक्रियेचा खर्च: लिक्विडेटरची फी, राखणदार, वीज, लिलाव, जाहिराती. तो १७ लाख धरू. उरले १ कोटी ८० लाख. पुढच्या पायरीवर दोघं शेजारी उभे आहेत: कामगारांची लिक्विडेशनआधीच्या २४ महिन्यांची देणी, आणि आपलं तारण सोडून वाटपात सामील झालेली बँक. कामगारांचे २४ लाख, बँकेचे १ कोटी ४० लाख, मिळून १ कोटी ६४ लाख. उरले १६ लाख. मग कामगार नसलेला स्टाफ, म्हणजे तुमचा अकाउंटंट आणि स्टोअरवाला, त्यांचा १२ महिन्यांचा पगार: ४ लाख. उरले १२. त्यानंतर तारण नसलेली कर्जं, म्हणजे मामा. त्यांच्या ४० लाखांपैकी १२ लाख हाती येतात आणि पैसे संपतात. त्यांच्या मागे सरकारची देणी आहेत, तुमच्या यादीतले जीएसटीचे १२ लाख. त्यांच्याही मागे पत्र्याचे आणि प्लेटिंगचे व्यापारी, ४५ लाख. त्या दोघांना काही नाही. सगळ्यांच्या शेवटी भागधारक, म्हणजे तुम्ही दोघं.

तुमच्या मनात मामांनंतर व्यापारी, मग बँक असा क्रम होता. कायद्याचा क्रम जवळजवळ उलटा आहे. त्यात एक गोष्ट मला मनापासून पटते: बँकेनं तारण सोडलं तरी कामगाराला ढकलून ती पुढे जाऊ शकत नाही. बँकेनं तारण न सोडता शेड स्वतःच विकायचं ठरवलं, तरी त्या विक्रीतून खर्चाचा आणि कामगारांचा वाटा तिला द्यावा लागतो. तेव्हा ‘बँक काय शेड विकून घेईलच’ हे वाक्य तिथेही तितकंसं खरं नाही.

आता शेड १ कोटी ३० ऐवजी १ कोटीलाच गेलं असं समजा. पीएफ आणि खर्च वजा जाता १ कोटी ५० लाख उरतात, आणि १ कोटी ६४ लाखांची पायरी भरत नाही. एका पायरीवर पैसे कमी पडले की तिथले सगळे सारख्या प्रमाणात कमी घेतात. इथे रुपयाला सुमारे ९१ पैसे. कामगारांचे २ लाख बुडाले, स्टाफ आणि मामा कोरडे. बँकेचे जवळजवळ १२ लाख राहिले, आणि ते ती तुमच्याकडे मागेल. कर्ज घेताना तुम्ही दोघांनी वैयक्तिक हमी दिली आहे, तुमच्या यादीतच तसं लिहिलंय. कंपनी बंद झाली म्हणून ती हमी संपत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये ललितकुमार जैन यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे.

कंपनी कायद्याखालचं, न्यायाधिकरणाच्या आदेशानं होणारं वाइंडिंग अप अजूनही शिल्लक आहे, पण त्याची कारणं वेगळी आहेत: फसवणूक, सलग पाच वर्षं हिशेब किंवा वार्षिक विवरण न भरणं, किंवा भागीदारांत इतकं बिनसणं की कंपनी बंद करणंच न्याय्य ठरावं. हे शेवटचं कारण मी मुद्दाम सांगते आहे. निम्मे-निम्मे शेअर असलेले दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले की प्रकरण तिथे पोचू शकतं. आणि तिथली रांग वेगळी आहे. बँक आणि कामगारांपर्यंत चित्र साधारण सारखं, पण त्यानंतर गेल्या १२ महिन्यांतले सरकारी कर आणि स्टाफचा चार महिन्यांपर्यंतचा पगार एकत्र पुढे येतात. तुमचा थकलेला जीएसटी सगळा याच वर्षातला आहे. स्टाफचे ४ लाखही चार महिन्यांच्या आतले असतील, तर उरलेले १६ लाख तिथेच संपतात. मामांना एक रुपयाही नाही. काही उरलं असतं तरी मामा आणि पत्र्याचा व्यापारी एकाच ओळीत बसले असते. तेवढ्याच मालमत्तेतून, तेवढ्याच देण्यांतून, नुसता कायदा बदलला की मामांचे १२ लाख जातात. भावाशी भांडण वाढवण्याआधी हे दोघांनी एकत्र बसून वाचा.

तुम्ही पत्रात थेट विचारलं नाही, पण ओळींमधून दिसतं: वसुलीतून जे पैसे हाती येतील ते मामांना आत्ताच देऊन टाकावेत का? नका देऊ. पुढे कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर कुणाला रांग मोडून झुकतं माप दिलं का हे तपासलं जातं. बाहेरच्यांसाठी मागचं एक वर्ष पाहतात, संबंधित व्यक्तींसाठी दोन वर्षं. संहितेतल्या नातेवाइकांच्या यादीत आईचा भाऊ आहे. म्हणजे ते पैसे मामांकडून परत मागितले जाऊ शकतात, त्यांच्या उतारवयात, नोटीस पाठवून. ज्यांना वाचवायचं त्यांनाच अडचणीत आणल्यासारखं होईल. त्याच कारणानं आजपासून उधारीवर पत्रा उचलणंही थांबवा. पैसे देता येणार नाहीत हे माहीत असताना देणी वाढवली, तर ती भरून देण्याची जबाबदारी न्यायाधिकरण संचालकांच्या अंगावर टाकू शकतं. रोखीनं घ्या, किंवा गिऱ्हाइकाचा माल घेऊन फक्त जॉबवर्क करा.

मग करायचं काय? स्वेच्छेचा रस्ता कायमचा बंद नाही. त्याची किंमत मोजता येते. २ कोटी ६८ लाखांची देणी आणि स्वेच्छेच्या प्रक्रियेचा साधारण ८ लाख खर्च, मिळून २ कोटी ७६ लाख. हाती २ कोटी. तूट ७६ लाखांची. मामा आपला दावा लेखी सोडायला तयार झाले तर ती ३६ वर येते. त्यांचे पैसे तुम्ही दोघांनी पुढच्या वर्षांत स्वतःच्या कमाईतून फेडा, त्याला कुठलाच कायदा आड येत नाही. आड येतो तो कंपनीच्या पैशांतून फेडण्याला. व्यापाऱ्यांना वरचा हिशेब मोकळेपणानं दाखवा. लिक्विडेशनमध्ये शून्य मिळणाऱ्या माणसाला रुपयाला ६० पैसे ही चांगली तडजोड वाटू शकते. ४५ चे २७ लाख झाले की तूट १८ वर आली. हे १८ लाख तुम्ही दोघं घालू शकता का, हा खरा प्रश्न आहे. घालू शकत असाल, आणि थकलेले हप्ते व मुदत उलटलेली बिलं आधी मिटवलीत, तर प्रतिज्ञापत्र खरं होतं. मग जाहिरात, दावे, विक्री, वाटप आणि शेवटी एनसीएलटीकडून कंपनी विसर्जित, हे सगळं नऊ महिन्यांत व्हावं अशी नियमांची अपेक्षा आहे. प्रत्येक तडजोड लेखी हवी. ‘बघू, समजून घेऊ’ हे लिक्विडेटरपुढे चालत नाही. दावे मागवले की तोच माणूस पूर्ण रकमेचा कागद घेऊन येतो.

घालू शकत नसाल तर भावाच्या ‘थांबू या’मध्ये थोडं तथ्य आहे, पण नुसतं थांबून नाही. चालू शेड, मशिनरी आणि कामगारांसकट धंदा घेणारा शेजारच्या गाळ्यात सापडू शकतो. चालू धंद्याला बंद धंद्यापेक्षा जास्त पैसे येतात, आणि तो बँकेच्या संमतीनं विकता येतो. तुमची उद्यम नोंदणी आहे. त्यामुळे प्रकरण एनसीएलटीत गेलंच, तरी कर्ज थकवलेल्या प्रवर्तकांना आपल्याच कंपनीसाठी योजना मांडायला जी बंदी असते, तीत लघुउद्योगांना सवलत मिळते. बँक राजी असेल तर लघुउद्योगांसाठी २०२१ पासून प्री-पॅकची सोयही आहे. योजना आधी ठरवायची आणि मग न्यायाधिकरणात जायचं. तिथे १० लाखांची थकबाकी पुरते, आणि कारभार सहसा तुमच्याच हाती राहतो.

तुमच्यासारख्या स्थितीतल्या इतर वाचकांनीही हीच दोन कामं आधी करावीत. पहिलं, नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून बंद कारखान्याच्या भावानं मूल्यांकन करून घ्या, ताळेबंदावर विसंबू नका. दुसरं, देण्यांची यादी रकमेप्रमाणे न लावता कलम ५३ च्या क्रमानं लावा आणि वरून पैसे वाटत खाली या. जिथे पैसे संपतात त्या ओळीखालच्या प्रत्येकाशी तुम्हाला आत्ताच बोलायचं आहे. ओळीवरच्यांशी, म्हणजे बँकेशी आणि कामगारांशी, त्याहीआधी. तुमचा तिसरा हप्ता थकायला अजून काही दिवस आहेत. खातं एनपीए होण्याआधी शाखेत गेलात तर मॅनेजरला स्वतःच्या पातळीवर थोडंफार करता येतं. नंतर फाइल वसुली विभागाकडे जाते आणि बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते. तेव्हा या आठवड्यात भावाला सोबत घेऊन शाखेत जा, आणि जाताना हीच क्रमवार यादी बरोबर ठेवा.